अंतरपाट आणि अल्बमची घडी

बारा बाय छत्तीस इंची अल्बमचं पान उघडलं की बरोबर अठराव्या इंचावर घडी येते. अंतरपाटाच्या पानाचा कच्चा नमुना तपासताना पहिली नजर तिथेच जायला हवी.

समजा, डिझायनरने एकच फोटो पानभर पसरला आहे आणि घडी नेमकी नवरीच्या गालावरून जाते. स्क्रीनवर हे जाणवत नाही, छापल्यावर मात्र चेहरा दुभंगतो. फोटो थोडा सरकवून घडी अंतरपाटावर आणली, तर कापडावर ती फारशी खुपत नाही आणि वधूवरांना एकेक पान मिळतं.

फोटो किती मोठा करायचा, यालाही मर्यादा आहे. सहा हजार पिक्सेल रुंदीचा फोटो छत्तीस इंचांवर ताणला, तर इंचाला सुमारे १६७ पिक्सेल उरतात. हातभर अंतरावरून ते चालतं. पण कडा कापून तो आधीच अर्धा केला असेल, तर चेहरे मऊ पडतात.

उरला क्रम. हार घालतानाचा फोटो सुंदर म्हणून डावीकडे आणि मामा नवरीला आणतानाचा उजवीकडे लावला, तर लग्न उलटं वाचलं जातं. डावीकडून मामा, मधे मोठा अंतरपाट, शेवटी हार. अक्षतांचे चार सारखे फोटो असतील, तर त्यातला एकच ठेवावा.