शेवटच्या ‘नाहीत’साठी

बिदरजवळच्या नौबादला बहामनी काळातला भुयारी पाणीमार्ग आहे. करेज म्हणतात त्याला. इराणी पद्धतीनं जांभ्या खडकात खोदलेलं लांब भुयार, आणि त्यावर जागोजागी उभे, विहिरीसारखे झरोके. भालकी-औरादकडच्या मराठी मंडळींसाठी मी या करेजवर सहा मिनिटांची चित्रफीत केली. निवेदनाखाली बासरी आणि तुणतुणं ठेवलं होतं. तालुक्याच्या एका सभागृहात ती दाखवली, तेव्हा निवेदनातलं एक वाक्य उलटं ऐकू गेलं.

वाक्य होतं : ‘वरून नुसत्या विहिरी दिसतात, पण आतून त्या वेगळ्या नाहीत.’ प्रेक्षकांना ऐकू आलं ते ‘आतून त्या वेगळ्या’ एवढंच. ‘नाहीत’ बासरीत बुडालं.

मराठीत नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतो आणि शेवटाला आवाज आपोआप उतरतो. अर्थ ठरवणारा शब्दच सगळ्यात हळू बोलला जातो. माझं निवेदन सरासरी उणे १८ डेसिबलवर होतं, पण ते ‘नाहीत’ उणे ३६वर. संगीत दाबण्याचं काम मी ऑडॅसिटीच्या Auto Duck या सोयीवर सोपवलं होतं. निवेदनाचा ट्रॅक संगीताच्या लगेच खाली ठेवायचा, निवड फक्त संगीताची करायची. मग खालच्या ट्रॅकवर आवाज आला की वरचं संगीत उतरतं. आवाज कधी ‘आला’ म्हणायचा, हे Threshold ठरवतो. तो मुळात उणे ३०वर असतो. म्हणजे माझं ‘नाहीत’ यंत्राच्या लेखी शांतता होती. पुढे लांब विराम असल्यामुळे ‘वेगळ्या’वरच बोलणं संपलं असं त्यानं धरलं आणि अर्ध्या सेकंदात संगीत वर आणलं, नेमकं त्या शब्दावर.

घरी हेडफोनवर हे जाणवलं नव्हतं. वाक्य मीच लिहिलेलं, त्यामुळे कानानं शब्द भरून काढला. अशी चूक पकडायची तर निवेदन न वाचलेल्या माणसाला फोनच्या स्पीकरवर ऐकवावं आणि शेवटचे शब्द लिहून घ्यावेत. मी आता तेच करतो.

दुरुस्ती करताना Threshold उणे ४२वर नेला. खोलीतल्या पंख्याची घरघर उणे ५०च्या आसपास होती म्हणून हे चाललं. घरघर उंबरठ्याच्या वर असती तर यंत्रानं तिलाच बोलणं समजून संगीत कधी वर येऊ दिलं नसतं. मग Outer fade up length अर्ध्या सेकंदावरून दोन सेकंद केला, म्हणजे संगीत परतलं तरी दमानं. Maximum pause एक सेकंदाचा अडीच केला, कारण तो तोकडा असला की दर स्वल्पविरामाला संगीत उसळतं आणि ऐकणाऱ्याला होडी हलल्यासारखं होतं.

किती दाबायचं, हा प्रश्न मात्र वेगळा. मूळ खूण उणे १२ची असते. माझं संगीत उणे २०वर होतं, ते उणे ३२वर गेलं आणि निवेदनापासून १४ डेसिबलच खाली राहिलं. संकेतस्थळांच्या सुगमतेसाठीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं बोलण्याखालचं संगीत किमान २० डेसिबल खाली असावं म्हणतात. म्हणून Duck amount उणे १८ केला. संगीत उणे ३८वर आलं. तरी बासरी टोचत होती, कारण व्यंजनं जिथे ओळखू येतात तिथेच तिचा फुंकराचा आवाज असतो. एक ते चार किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यात बासरी आणखी चार डेसिबल कमी केली. तुणतुण्याला हात लावावा लागला नाही.

अडचण आली ती एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या बोलण्यात. शेतात टिपलेला त्यांचा आवाज सरासरी उणे २८वर होता. दहा डेसिबलनं वाढवून निवेदनाच्या बरोबरीला आणला, पण मागचा वाराही तेवढाच वाढून उणे ४०वर, म्हणजे उंबरठ्याच्या वर गेला. आजोबा थांबले तरी संगीत खालीच. शेवटी निवेदनाच्या ट्रॅकची एक प्रत केली, तिच्यातल्या वाऱ्याच्या रिकाम्या जागा Silence Audio वापरून निःशब्द केल्या आणि ती प्रत संगीताच्या खाली ठेवून Auto Duck चालवला. काम झाल्यावर प्रत पुसून टाकली. आजोबांचा खरा आवाज वाऱ्यासकट तसाच राहिला, आणि तो तसाच हवा होता.

आपल्याकडचे गोंधळी कथा सांगताना हेच हातानं करतात. शब्द यायच्या आधीच तुणतुणं उतरतं, कारण वाजवणाऱ्याला पुढची ओळ ठाऊक असते. ऑडॅसिटीलाही ते जमतं : सगळी ध्वनिफीत समोर असल्यामुळे Outer fade down length अर्धा सेकंद ठेवला की संगीत बोलण्याच्या आधी उतरायला लागतं. थेट कार्यक्रमात मिक्सरवरच्या डकरला मात्र पुढचं दिसत नाही. आवाज आल्यावरच तो हलतो, आणि पहिलं अक्षर संगीताला धडकतं. तिथे मी सूत्रसंचालकाला आधी ‘तर’ म्हणायला सांगतो. ते वाया गेलं तरी चालतं.

दुसऱ्यांदा चित्रफीत दाखवली ती कलबुर्गीत. झरोक्यांचं दृश्य आलं, वाक्य संपलं, बासरी सावकाश वर आली. पुढच्या रांगेतली एक मुलगी आईला म्हणाली, ‘म्हणजे आतून सगळ्या एकच आहेत गं.’