बारा वर्षांची नोकरी आणि बाराशेचा हिशेब

गेल्या रमजानमध्ये माझे मेहुणे शारजाहहून कायमचे परत आले. तिथल्या एका कंपनीत त्यांनी स्टोअरकीपर म्हणून बारा वर्षे काढली. इफ्तार आटोपल्यावर त्यांनी पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. कंपनीने दिलेला फायनल सेटलमेंटचा कागद. "जरा बघ, यांनी माझे पैसे खाल्ले का?" ते म्हणाले.

त्यांचा हिशेब साधा होता. महिन्याचा पगार २,५०० दिरहम आणि नोकरी बारा वर्षे. वर्षाला एक पगार धरला तर ३०,००० दिरहम. दिरहमचा भाव सोयीसाठी २४ रुपये धरू. म्हणजे सव्वासात लाखांच्या आसपास. याच भरवशावर त्यांनी घराच्या स्लॅबसाठी नात्यातून चार लाख उसने घेतले होते. कागदावर रक्कम होती १२,२०० दिरहम. तीन लाखांनाही थोडी कमी.

कंपनीने पैसे खाल्ले नव्हते. हिशेब कायद्याप्रमाणेच होता. चूक झाली होती ती आपल्या बाजूने, आणि आमच्या कोकणातल्या गल्फच्या घरांमधून ती इतकी सर्रास होते, की तो कागद इथे उलगडून सांगतो.

संयुक्त अरब अमिरातीत खासगी नोकरीचे सगळे करार आता ठरावीक मुदतीचे असतात. २०२१ चा तिथला कामगार कायदा २०२२ च्या फेब्रुवारीपासून लागू झाला. त्यानुसार परदेशी कामगाराने सलग एक वर्ष पूर्ण केले की ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी २१ दिवसांचा पगार, त्यापुढच्या प्रत्येक वर्षासाठी ३० दिवसांचा. सगळी रक्कम मिळून दोन वर्षांच्या पगारापेक्षा जास्त होत नाही. नोकरी संपल्यापासून १४ दिवसांत कंपनीने पैसे चुकते करायचे असतात.

इथे 'पगार' याचा अर्थ शेवटचा बेसिक. राहण्याचा, जेवणाचा, येण्याजाण्याचा भत्ता त्यात धरत नाहीत. मेहुण्यांच्या २,५०० मध्ये बेसिक होता १,२०० आणि उरलेले १,३०० भत्ते. म्हणजे दिवसाचे ४० दिरहम. पहिल्या पाच वर्षांचे ४,२००, पुढच्या सात वर्षांचे ८,४००, एकूण १२,६००. महामारीच्या काळात ते चार महिने बिनपगारी रजेवर गावी होते. असे दिवस नोकरीत मोजले जात नाहीत, म्हणून त्यातून ४०० गेले. राहिले १२,२००.

मी त्यांचे जुने करार मागितले. चार वर्षांपूर्वी नूतनीकरणाच्या वेळी त्यांना ३०० दिरहमची वाढ मिळाली होती, पण ती टाकली होती 'इतर भत्ता' या रकान्यात. हातात येणाऱ्या पैशात फरक नव्हता, म्हणून त्यांनी पाहिलेच नाही. तेच ३०० बेसिकमध्ये पडले असते, तर बेसिक १,५०० झाला असता आणि बारा वर्षांची ग्रॅच्युइटी १२,६०० ऐवजी १५,७५० निघाली असती. कारण शेवटचा बेसिक मागच्या सगळ्या वर्षांना लागतो. करार नव्याने होतो तेव्हा बोलायची जागा हीच. वाढ मिळणारच असेल, तर ती बेसिकमध्ये द्या, एवढे मागावे. नंतर मागून उपयोग नसतो.

नूतनीकरणात आणखी एक गोष्ट पाहावी. त्याच कंपनीत करार वाढला, तर मागची वर्षे पुढच्यांना जोडली जातात. पण कधी कधी माणूस जागेवर तोच राहतो आणि कागदोपत्री मालकाच्या दुसऱ्या कंपनीत जातो. तेव्हा जुना हिशेब चुकता होतो आणि नवी मोजणी पुन्हा २१ दिवसांपासून सुरू होते. बाराशेच्याच बेसिकवर सहा आणि सहा असे दोन तुकडे झाले, तर १२,६०० चे १०,८०० होतात. नव्या करारावरचे कंपनीचे नाव आणि रुजू होण्याची तारीख वाचली, की हे लगेच कळते.

शेवटची सही जपून करावी. 'सर्व येणे मिळाले' अशा कागदावर पैसे हातात पडण्याआधी सही केली आणि माणूस विमानात बसला, तर गावातून भांडणे फार अवघड. तक्रार तिथल्या कामगार मंत्रालयाकडे, तिथे असतानाच करावी. त्यासाठी प्रत्येक कराराची प्रत घरी ठेवावी.

देश बदलला की नियम बदलतो, हेही लक्षात असू द्या. सौदीत पहिली पाच वर्षे अर्धा महिना आणि पुढे पूर्ण महिना असा हिशेब आहे. पण स्वतःहून राजीनामा दिला, तर दोन वर्षांच्या आत काही मिळत नाही, पाच वर्षांपर्यंत एक तृतीयांश, दहा वर्षांपर्यंत दोन तृतीयांश आणि त्यानंतर पूर्ण. तिथे नवव्या वर्षी कंटाळून राजीनामा देणाऱ्याने आधी कॅलेंडर पाहावे. अमिरातीच्या नव्या कायद्यात राजीनाम्याची अशी कपात नाही.

आता खरा प्रश्न. सगळे मनासारखे झाले असते, तरी मेहुण्यांना किती पुरले असते? त्यांच्या घरचा महिन्याचा खर्च २५,००० रुपये. १२,२०० दिरहम म्हणजे जवळपास बारा महिने. बारा वर्षांच्या नोकरीची ग्रॅच्युइटी एका वर्षाची चूल पेटवते. तिला पेन्शन समजू नये. परतल्यावर इथे काम किंवा धंदा जमेपर्यंतचा तो आधार आहे.

त्यापुढचे पैसे वेगळे लागतात. त्यांनी दर महिन्याला ३०० दिरहम बाजूला टाकले असते, तर १४४ महिन्यांत ४३,२०० झाले असते. वर एक पैसा नफा न धरता, म्हणजे व्याज नको असणाऱ्यांनाही लागू पडणारा हा आकडा आहे: दहा लाखांहून अधिक, ग्रॅच्युइटीच्या साडेतीनपट. मात्र ही रक्कम घरखर्चाच्या खात्यात पाठवू नये. तिथे ती लग्नात, फरशीत, गेटात जाते. तिच्यासाठी स्वतंत्र एनआरई खाते असावे. कायमचे परतल्यावर बँकेला कळवून ते साध्या खात्यात बदलून घ्यावे लागते. मुदत ठेव मुदतीपर्यंत ठेवता येते, पण रहिवासी झाल्यावर तिच्या व्याजावरची करमाफी संपते.

आणि घर? खाडीकाठच्या गावांत दोन मजली बंद बंगले कितीतरी आहेत. घर हवेच, पण ते महिन्याचा किराणा भरत नाही.

रमजानमध्ये आमच्याकडे जकातीची वही उघडते. सोने, रोकड, येणे-देणे सगळे मांडले जाते. हाती न आलेली ग्रॅच्युइटी बहुतेक जण त्या वहीत धरत नाहीत. घर बांधताना, लग्न ठरवताना मात्र ती धरतात, तीही दुप्पट-तिप्पट. मेहुण्यांचा मुलगा सध्या दुबईत आहे. यंदा त्याने फोनवर स्वतःहून सांगितले, "मामू, नवा करार आलाय. बेसिक चौदाशे, भत्ते हजार. सही करू?"

मी म्हटले, "तारीख वाच, कंपनीचे नाव वाच, मग कर." स्लॅबचे उसने पैसे अजून फिटतायत. त्यातले महिन्याला पाच हजार तोच पाठवतो.