रजेवर जाण्यापूर्वीचा मेल

चाकणजवळचा, गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एखादा कारखाना डोळ्यांसमोर आणा. खरेदी विभागाचे मॅनेजर गणपतीला गावी निघालेत. चहाच्या टपरीवर ते सहकाऱ्याला सांगतात, “शुक्रवारपासून मी नाहीये, तू बघून घे. छोट्यामोठ्या पीओ काढत जा. प्लेटिंगवाल्याचं बिल राहिलंय, त्याला सांभाळून घे. फार मोठं काही निघालं तर फोन कर. घरात रेंज नसते, पण टेकाडावर येते.” सहकारी म्हणतो, “हो सर, निवांत जा.” दोघांचाही हेतू चांगला असतो, पण सोमवारी काय होणार हे त्यातल्या कुणालाच ठाऊक नसतं.

या पाच वाक्यांतली प्रत्येक सैल जागा शोधणं, हे मेल लिहिण्याआधीचं खरं काम. छोटी पीओ म्हणजे किती रुपयांची? सांभाळून घे म्हणजे पैसे द्यायचे, की आणखी थांबवायचं? रेंज नसेल तेव्हा विचारायचं कुणाला? ज्याच्यावर जबाबदारी पडणार आहे, त्यानेच हे प्रश्न त्याच दिवशी लेखी विचारावेत. वरिष्ठांना तसं विचारायचा संकोच वाटतो, पण नंतर खुलासा द्यावा लागतो तो त्यालाच.

आता मेल. पहिल्या ओळीत मुदत हवी: “शुक्रवार ११ सप्टेंबर सकाळी ९ ते रविवार २० सप्टेंबर रात्रीपर्यंत खरेदीचं काम तुम्ही पाहाल. तुम्ही गैरहजर असाल तर स्टोअर्सचे प्रमुख पाहतील.” शेवटची तारीख राहिली, तर दिलेला अधिकार नकळत लोंबकळत राहतो.

सगळ्यात जास्त विचार मागते ती अधिकाराची मर्यादा. “५०,००० रुपयांपर्यंत मंजुरी द्या” एवढं पुरत नाही, कारण १,२०,००० ची खरेदी ४०,००० च्या तीन पीओंमध्ये सहज बसते. म्हणून असं लिहावं: “एका पुरवठादाराला या काळात सगळ्या पीओ मिळून ५०,००० पर्यंत, तेही ठरलेल्या दरानेच. त्यावरची रक्कम, नवा दर किंवा आगाऊ पैसे असतील, तर प्लँट हेडची मंजुरी.” आणि मॅनेजरला स्वतःला जेवढा अधिकार आहे, त्याहून जास्त तो दुसऱ्याला देऊ शकत नाही. कंपनीच्या अधिकारपत्रकात पुढे अधिकार सोपवायची मुभा आहे का, हे आधी पाहावं. वरिष्ठांची लेखी संमती त्याच मेलवर घ्यावी.

काय करायचं नाही, तेही स्पष्ट असावं. एखाद्या पुरवठादाराच्या नावाने मेल येतो, “आमचं बँक खातं बदललंय, पुढचे पैसे नव्या खात्यावर टाका.” फसवणुकीची ही नेहमीची रीत आहे, आणि बदली माणूस घाईत असतो तेव्हा ती साधते. म्हणून ओळ घालावी: “खातेबदल मी परत येईपर्यंत करायचा नाही. पुरवठादार अडून बसला तर आपल्या नोंदीतल्या जुन्या नंबरवर फोन करून खात्री करा, मेलमधल्या नंबरवर नाही. निर्णय अकाउंट्स प्रमुख घेतील.”

प्लेटिंगवाल्याचं बिलही असंच उलगडावं. तो नोंदणीकृत लघुउद्योजक असेल, तर लेखी करार असला तरी काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांत पैसे देणं कायद्याने बंधनकारक आहे. करार नसेल तर १५ दिवसांतच. तेव्हा मेलमध्ये लिहायचं: “बिल तपासलेलं आहे, मुदत १५ सप्टेंबरला संपते. १४ ला चतुर्थीची सुट्टी, म्हणून अकाउंट्सला ११ तारखेलाच आठवण करा.” सांभाळून घ्यायचं काही उरतच नाही.

फोन नंबरांची नुसती यादी निरुपयोगी असते. कोणत्या अडचणीला कोण, हे सांगावं: लाइन बंद पडायची वेळ आली तर प्रॉडक्शन मॅनेजर, माल नाकारला गेला तर क्वालिटी, गेटवर गाडी अडकली तर स्टोअर्स. स्वतःबद्दलही खरं तेच लिहावं: “मी रोज संध्याकाळी ७ ते ७.३० फोनवर मिळेन. तोवर थांबता येणार नाही असं काही असेल, तर प्लँट हेडना विचारा, माझी वाट पाहू नका.”

आणि पासवर्ड देऊ नका. त्याने पीओ मॅनेजरच्याच नावावर निघते आणि मंजुरी खरोखर कुणी दिली हे नंतर कळत नाही. बहुतेक ईआरपीमध्ये ठरावीक तारखांपुरती बदली मंजुरी लावता येते. ती आयटीकडून आधी लावून घ्यावी आणि एखादी पीओ काढून बघावी.

मेल शेवटच्या संध्याकाळी नको, दोन दिवस आधी जाऊ द्या, म्हणजे प्रश्न विचारायला वेळ राहतो. अकाउंट्स, स्टोअर्स आणि प्लँट हेड यांना प्रतीत ठेवा. २१ तारखेला रुजू झाल्यावर त्याच मेलला उत्तर देऊन लिहा, की अधिकार परत घेतला, आणि दरम्यान निघालेल्या पीओंची यादी मागवून घ्या.