सांगवीचा पांडुरंग आणि नायकाचा साचा

खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग सांगवीकर शिकायला पुण्याला येतो. वसतिगृहात राहतो, मेसचा कारभार अंगावर घेतो, कर्जात बुडतो आणि शेवटी हात हलवत गावी परततो. भालचंद्र नेमाडे यांच्या १९६३ सालच्या ‘कोसला’ची ही कथा मिथकसमीक्षेच्या अभ्यासकाला लगेच ओळखीची वाटते.

कारण जोसेफ कॅम्पबेल यांनी १९४९ मध्ये जगभरच्या पुराणकथांमधून नायकाच्या प्रवासाचा एक आराखडा मांडला होता. नायक घर सोडतो, अनोळखी जगात कसोट्यांतून जातो, तिथून काही वरदान मिळवतो आणि ते आपल्या माणसांसाठी घेऊन परततो. याचे त्यांनी एकूण १७ टप्पे सांगितले. त्यांतला एक म्हणजे बापाशी समेट.

आता हा आराखडा ‘कोसला’वर ठेवून पाहावा. घर सोडणं आहे, पुण्याच्या कसोट्या आहेत, परतणंही आहे. पण वरदान? पांडुरंग गावासाठी काहीच आणत नाही. पैशाचा हिशेब मागणाऱ्या वडिलांशी त्याचा मनापासून समेटही होत नाही. साचा इथेच खरा कामाला येतो. परत आलेला मुलगा काहीतरी घेऊन येईल ही अपेक्षा घरातल्या माणसांची असते, तशीच जुन्या कथांवर वाढलेल्या वाचकाचीही असते. ती मोडते म्हणूनच शेवटच्या भागातलं रितेपण इतकं बोचतं.

अडचण पुढे येते. वरदान नाही, तर ‘निरर्थकतेचं ज्ञान हेच त्याचं वरदान’ असं म्हणायचा मोह होतो. पण वरदान मिळालं तरी साचा खरा आणि नाही मिळालं तरीही खराच, असं असेल तर त्याने कादंबरीबद्दल काहीच सांगितलं नाही. म्हणून वाचण्याआधीच ठरवावं, की काय आढळलं तर हा साचा इथे लागू नाही असं आपण मान्य करू.

नावाचंही तसंच. पांडुरंग म्हणजे विठ्ठल, असा धागा काढता येतो; पण महाराष्ट्रात हे नाव घरोघरी आहे. नामदेव किंवा एकनाथ असतं, तरी त्याच सहजतेने नवा धागा निघाला असता. जो पुरावा कशालाही चालतो, तो बाजूला ठेवलेला बरा. ‘कोसला’ या शब्दाची गोष्ट वेगळी. कोसला म्हणजे कोश, आणि हे शीर्षक लेखकाने निवडलेलं आहे. कोशातून फुलपाखरू बाहेर येईल, असा पुनर्जन्माचा अर्थ मनात येणं स्वाभाविक आहे. मात्र त्याला कादंबरीत आधार शोधावा लागतो, आणि तिथे पंख कुठे दिसत नाहीत.

सर्वांत जपायला हवं ते मनीच्या मृत्यूपाशी. पांडुरंगची ही धाकटी बहीण देवीच्या रोगाने जाते. साच्यात हा ‘पाताळप्रवेश’ म्हणून चपखल बसतो, आणि बसवला की मनी नायकाच्या वाढीची एक पायरी होऊन जाते. त्या काळी देवीने खरोखर घराघरांतली मुलं जात होती. या पानांवरचं दुःख त्या एका लहान मुलीचं आहे. ते पांडुरंगला कुठल्याही पुढच्या टप्प्यावर नेत नाही.