शून्य वाढलं, पैसे नाहीत!

समजा, जिवतीतून तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर मध विकता. पाचशेची ऑर्डर येते आणि लगेच मेसेज: 'खात्यात ५,००० रुपये जमा.' मागोमाग फोन, "दादा, चुकून एक शून्य जास्त पडलं. साडेचार हजार परत पाठवा ना!"

थांबा. बँकेचा मेसेज दहा आकडी मोबाइल नंबरवरून येत नाही. तरी खरी खात्री बँकेच्या अ‍ॅपमधल्या व्यवहारांच्या यादीतच होते. तिथे नोंद नसेल, तर पैसे आलेले नाहीत. डोंगरात रेंज नसेल, तर ती येईपर्यंत ना माल द्या, ना पैसे. आणि पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही.

पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर कळवा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत सरकते, मग गोठवणं अवघड.