डेरिव्हेटिव्हच्या जागी s लिहिला, की काम झालं?

एम-थ्रीच्या पेपरात शोभेल असं एक साधं गणित घेऊ. 1 किलोओहमचा रेझिस्टर, त्याला सिरीजमध्ये 1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. कपॅसिटरवर आधीचे 2 व्होल्ट शिल्लक आहेत आणि t = 0 ला आपण 5 व्होल्टचा सप्लाय जोडतो. कपॅसिटरवरचं व्होल्टेज v मानलं, तर अवकल समीकरण असं येतं:

RC v′ + v = 5, RC = 0.001 सेकंद

ट्रान्सफॉर्म घेतला की v′ नाहीसा होतो आणि उरतं ते बीजगणित, हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्याभोवती काही गैरसमज घट्ट बसलेले आहेत.

गैरसमज: डेरिव्हेटिव्हऐवजी iω लिहायचा, हा सोयीसाठी केलेला नियम आहे.

नियम कोणी ठरवलेला नाही, तो लाटेच्या अंगचाच गुण आहे. e^(iωt) चं डेरिव्हेटिव्ह घ्या: iω e^(iωt). लाट तीच, वारंवारताही तीच. उंची ω पट झाली आणि i मुळे लाट 90 अंश पुढे सरकली, एवढाच फरक. साइनचं डेरिव्हेटिव्ह कोसाइन येतं, तेही याच कारणाने. फूरिए ट्रान्सफॉर्म सिग्नलला अशा लाटांमध्ये सुटं करतो, त्यामुळे प्रत्येक लाटेपुरतं डेरिव्हेटिव्ह म्हणजे नुसता गुणाकार उरतो.

आता सप्लायच्या जागी लाट सोडा. समीकरण होतं (1 + iωRC) V = X. इथे X म्हणजे आत जाणारी लाट आणि V म्हणजे कपॅसिटरवरची. ω = 1000 रेडियन प्रति सेकंद, म्हणजे सुमारे 159 हर्ट्झ घेतलं, तर कंस 1 + i होतो. त्याने भागलं की कपॅसिटरवरची लाट मूळ लाटेच्या 0.707 पट उंच आणि 45 अंश मागे येते. स्कोपवर दोन्ही लाटा एकाखाली एक लावल्या, की हे मागे पडणं डोळ्यांनी दिसतं.

गैरसमज: मग कुठलंही अवकल समीकरण असं सुटेल.

नाही. वरची युक्ती चालली, कारण एका वारंवारतेचा दुसरीशी संबंध आला नाही. समीकरणात v² असेल, तर दोन लाटांचा गुणाकार होऊन नव्या वारंवारता जन्मतात आणि सगळ्या एकमेकींत अडकतात. सर्किटमध्ये डायोड आला की हेच होतं. सहगुणक स्थिर नसून t असेल, तर t·v चा लाप्लास ट्रान्सफॉर्म −dV/ds येतो. म्हणजे डेरिव्हेटिव्ह एका दाराने गेलं आणि दुसऱ्याने परत आलं.

गैरसमज: v′ चा ट्रान्सफॉर्म sV.

सगळ्यात जास्त मार्क खाणारी चूक ही. लाप्लासच्या व्याख्येतून येऊ. v′ e^(−st) चं 0 ते अनंतापर्यंत इंटिग्रेशन बाय पार्ट्स केलं, की sV मिळतो, पण सोबत खालच्या टोकाची किंमतही मिळते, ती −v(0). वरच्या टोकाला e^(−st) सगळं शून्यावर आणतो, खालच्या टोकाला मात्र तो 1 असतो. म्हणून v′ चा ट्रान्सफॉर्म sV − v(0). आपल्या सर्किटला तो लावू:

0.001 (sV − 2) + V = 5/s

V = 5/s − 3/(s + 1000)

v = 5 − 3e^(−1000t)

ते 2 व्होल्ट विसरलात, तर 5 − 5e^(−1000t) येतं. दिसायला हेही उत्तर नीटनेटकं, शेवटी दोन्ही 5 वरच पोचतात, म्हणून चूक नजरेतून सुटते. पण 1 मिलिसेकंदाला खरं व्होल्टेज सुमारे 3.9 असतं आणि चुकलेलं उत्तर 3.16 सांगतं.

फूरिएमध्ये ही वजाबाकी का नाही, असा प्रश्न पडायला हवा. तिथे इंटिग्रेशन उणे अनंतापासून होतं आणि दोन्ही टोकांना फलन शून्याकडे जातं असं गृहीत धरलेलं असतं. त्याची किंमत मोजावी लागते. सप्लाय काढून दोन टोकं जोडली, तर RC v′ + v = 0. फूरिए म्हणतो (1 + iωRC) V = 0, कंस कधीच शून्य होत नाही, म्हणून V = 0. प्रत्यक्षात मात्र भरलेला कपॅसिटर 2e^(−1000t) ने उतरताना दिसतो. हे फलन भूतकाळात मागे नेलं तर अनंतापर्यंत फुगतं, त्याचा फूरिए ट्रान्सफॉर्मच अस्तित्वात नाही, म्हणून ते या हिशेबात येऊच शकत नाही. यासाठीच स्विच दाबल्यानंतरचं वागणं काढायला लाप्लास वापरावा, आणि सर्किट स्थिरावल्यावर कुठली वारंवारता किती दबते हे पाहायला फूरिए.

उत्तराखाली रेघ ओढण्याआधी त्यात t = 0 घालून पाहा. 2 व्होल्ट आले नाहीत, तर पहिली ओळ पुन्हा तपासा. −v(0) तिथेच राहिलेला असतो.