दुकानदाराला वाचावीशी वाटेल अशी घोषणा

हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नवी सोय आली की कंपनी लिंक्डइनवर पोस्ट टाकते. ती बहुधा सोयीच्या नावाने आणि आनंदाच्या बातमीने सुरू होते. छोट्या व्यावसायिकाला मात्र त्या सोयीने आपले कोणते काम हलके होणार, एवढेच कळायला हवे असते. लिंक्डइनवरील पोस्ट ३,००० अक्षरांपर्यंत लिहिता येते, पण वाचकाला आधी फक्त पहिल्या दोन-तीन ओळी दिसतात आणि पुढचा मजकूर उघडावा लागतो. म्हणून वाचकाचा प्रश्न त्या पहिल्या ओळींतच यावा लागतो.

उदाहरणार्थ, खरेदीची बिले जीएसटीआर-२बीशी आपोआप ताडून पाहणारी सोय घेऊ. व्यापाऱ्याने खरेदीवर भरलेला जीएसटी त्याला विक्रीवरच्या करातून वजा करता येतो. यालाच इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणतात. १ जानेवारी २०२२ पासून त्यासाठी ते बिल पुरवठादाराने आपल्या विवरणात दाखवलेले आणि खरेदीदाराच्या २बीमध्ये आलेले असावे लागते. मासिक विवरण भरणाऱ्या पुरवठादाराला जीएसटीआर-१ साठी ११ तारखेची मुदत असते. २बी १४ तारखेला तयार होते आणि मासिक जीएसटीआर-३बी २० तारखेपर्यंत भरायचे असते. म्हणजे बिले ताडून पाहायला मधले जेमतेम सहा दिवस उरतात.

समजा, एका दुकानदाराने १ लाख रुपयांचा माल घेतला आणि त्यावर १८ टक्क्यांनी १८,००० रुपये जीएसटी दिला. पुरवठादाराने ते बिल मुदतीत दाखवले नाही, तर ते या महिन्याच्या २बीमध्ये येत नाही आणि तेवढा कर दुकानदाराला तूर्त वजा करता येत नाही. पुरवठादाराने नंतर विवरण भरले, की बिल पुढच्या २बीमध्ये येते आणि कायद्यातील मुदतीत क्रेडिट मिळू शकते. थोडक्यात, हे पैसे अडकतात; ते लगेच बुडाले असे नव्हे.

पोस्ट लिहिताना सर्वाधिक चुका होतात त्या याच फरकाबाबत. ‘दरमहा १८,००० रुपये वाचवा’ ही ओळ आकर्षक असली तरी चुकीची आहे. पुरवठादाराच्या वतीने विवरण भरणे सॉफ्टवेअरच्या हातात नाही. १४ तारखेनंतर फोन करून या महिन्याची २बीही सहसा बदलत नाही. सोयीचा खरा उपयोग असा, की कोणते बिल राहिले ते दिसते, २० तारखेसाठी किती जादा रोकड लागेल याचा अंदाज येतो आणि न मिळालेले क्रेडिट चुकून घेतले जात नाही. पोस्टने तेवढेच सांगावे. पोस्ट अशी लिहिता येईल:

‘माल घेतला, जीएसटीसह पैसेही दिले. पण बिल २बीमध्ये आहे का? नसेल, तर १ लाखाच्या खरेदीवर १८,००० रुपयांचे क्रेडिट या महिन्यात अडकते.

आता २बीची फाइल सॉफ्टवेअरमध्ये टाका. जुळलेली, रकमेत फरक असलेली आणि २बीमध्ये नसलेली बिले तीन वेगळ्या याद्यांत दिसतील. तिसरी यादी पाहून पुरवठादाराला फोन करता येईल.

ही सोय सर्व प्लॅनमध्ये आहे, वेगळे पैसे नाहीत. बिल क्रमांक वेगळ्या पद्धतीने लिहिला असेल, तर ते बिल स्वतः तपासावे लागेल. क्रेडिट घेण्याबाबतचा निर्णय तुमच्या सीएच्या सल्ल्याने घ्या.’

शेवटच्या परिच्छेदातील मर्यादा मुद्दाम घातलेली आहे. पुरवठादाराच्या बिलावर ‘०४५/२५-२६’ असेल आणि दुकानात नुसते ‘४५’ नोंदवले असेल, तर प्रणाली ते बिल न जुळलेल्यांत टाकू शकते. ही गोष्ट आधीच सांगितली नाही, तर पहिल्याच वापरात व्यापाऱ्याला सॉफ्टवेअर चुकते असे वाटते. सोय कोणत्या प्लॅनमध्ये आहे आणि किंमत किती, हे न लिहिल्यास प्रतिक्रियांत तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो.

सोबत तिन्ही याद्या दिसणारे एकच चित्र पुरेसे असते. त्यात खऱ्या ग्राहकाचा जीएसटी क्रमांक, पुरवठादारांची नावे किंवा रकमा नसाव्यात. नमुन्याची माहिती भरून चित्र घ्यावे. पोस्ट १२ ते १४ तारखेच्या सुमारास टाकली, तर वाचकाला ती लगेच वापरता येते. २१ तारखेला महिन्याचे काम आटोपलेले असते.

पोस्ट उपयोगी पडली का, हे पसंतीच्या आकड्यांवरून नीट कळत नाही, कारण त्यांत सहकारी आणि त्याच धंद्यातले लोकही असतात. पोस्टनंतर २० तारखेपर्यंत किती ग्राहकांनी २बीची फाइल टाकून पहिली यादी पाहिली, हा आकडा अधिक खरा असतो. पोस्ट पुष्कळांनी पाहिली आणि सोय थोड्यांनीच उघडली, तर ती सॉफ्टवेअरमध्ये कुठे सापडते हे पोस्टमध्ये सांगायचे राहिले आहे का, ते आधी तपासावे.